दूध तुटलेले मांजराचे पिल्लू: आहार, जंत आणि लस

सहा आठवड्यांचे मांजराचे पिल्लू आईचे दूध आणि स्वतःचे खाणे यांच्या अधेमधे असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते आईच्या तोंडातले चाखू लागते आणि सात-आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्याचे दूध पूर्ण तुटते. तोवर आईच्या दुधाने त्याला तीन गोष्टी दिलेल्या असतात. पोषण दिलेले असते, रोगांपासून काही काळ वाचवणारी प्रतिपिंडे दिलेली असतात, आणि बहुतेक वेळा पोटातले जंतही त्याच दुधातून आलेले असतात. अशा वयात आईपासून तुटलेले पिल्लू घरात आले की आहार, जंताचे औषध आणि लस ही तिन्ही कामे एकदमच समोर येतात. कोणते काम कधी करायचे, हे आईच्या दुधाने काय दिले होते आणि त्यातले काय संपत आले आहे, यावर ठरते.

पिल्लू खरोखरच एकटे पडले आहे ना, याची खात्री आधी करावी. या वयाच्या पिल्लांची आई खाणे शोधायला दोन-चार तास दूर जाते. जागा सुरक्षित असेल आणि पिल्लू गुबगुबीत, स्वच्छ दिसत असेल, तर लांबून वाट पाहणे योग्य. भिजलेले, हाडे लागणारे, डोळे चिकटलेले किंवा रहदारीत अडकलेले पिल्लू मात्र लगेच उचलावे.

वयाचा अंदाज दातांवरून येतो. पुढचे बारीक दात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघतात, सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि सुळ्यांमागच्या दाढा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. तोंड अलगद उघडून पाहिल्यावर सुळ्यांमागे वर-खाली टोकदार दाढा दिसल्या, तर पिल्लू साधारण सहा आठवड्यांचे धरावे. डोळ्यांचा निळा रंगही याच सुमाराला बदलू लागतो. वजन हा दुसरा पुरावा, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. जन्माला शंभर ग्रॅमच्या आसपास असलेले पिल्लू दर आठवड्याला सुमारे शंभर ग्रॅम वाढते, म्हणून सहाव्या आठवड्यात ते ६०० ते ७०० ग्रॅम असायला हवे. दाढा पूर्ण आणि वजन मात्र ४०० ग्रॅम, असे दिसले तर ते लहान वयाचे नसून उपाशी किंवा आजारी पिल्लू आहे. हा फरक ओळखता आला पाहिजे, कारण लसीच्या तारखा वयावर चालतात आणि औषधाची मात्रा वजनावर. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा या कामाला पुरतो. त्यावर छोटी टोपली ठेवून पिल्लाचे वजन रोज एकाच वेळी घ्यावे आणि वहीत लिहावे.

खायला घालण्याआधी पिल्लाचे अंग गरम आहे का, ते पाहावे. मांजराचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसाहून जास्त असते. त्यामुळे पिल्लाचे पंजे आणि कान हाताला गार लागत असतील, तर ते थंड पडले आहे असे समजावे. थंड पडलेल्या पिल्लाचे आतडे नीट चालत नाही. अशा वेळी तोंडात घातलेले अन्न पचत तर नाहीच, शिवाय ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कोमट पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी आणि दुसरी बाजू मोकळी सोडावी, म्हणजे उकडल्यास पिल्लाला सरकता येते. अंग गरम होऊन पिल्लू हालचाल करू लागले की मगच खाणे पुढे करावे. हिरड्या पांढऱ्याफटक असतील, त्या बोटाला कोरड्या आणि चिकट लागत असतील किंवा पिल्लू मान उचलत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्याकडे न्यावे.

आपल्याकडे मांजराचे पिल्लू आणि दुधाची वाटी यांची जोडी ठरलेली आहे, आणि या वयातल्या बऱ्याचशा जुलाबांची सुरुवात त्या वाटीतच होते. मांजरीच्या दुधातल्या प्रथिनांच्या मानाने गाईच्या दुधात ती निम्म्याहूनही कमी असतात. शिवाय दूध तुटत येते तशी दुधातली साखर पचवण्याची पिल्लाची ताकद कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि पिल्लाला पातळ जुलाब होतात. साडेसहाशे ग्रॅमच्या जिवाच्या अंगात पाण्याचा साठा तो किती असणार? एका रात्रीच्या जुलाबाने ते सुकून जाते. दुधात पाणी घालून पातळ केल्याने काही साधत नाही, उलट पोषण आणखी घटते. सहा आठवड्यांच्या, दाढा आलेल्या पिल्लाला दुधाची गरजच नसते. ते घन अन्नाला तोंड लावत नसेल, तरच मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर वापरावी. तीही बाटलीने पाजण्यापेक्षा अन्नात कालवून बशीत द्यावी.

द्यायचे ते मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेले अन्न. पाकिटावर ते वाढीच्या वयासाठी आणि संपूर्ण आहार म्हणून असल्याचे लिहिलेले पाहून घ्यावे. या वयात पिल्लाला दर किलो वजनामागे दिवसाला २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे ६५० ग्रॅमच्या पिल्लाला साधारण १३० ते १६०. पिल्लांच्या ओल्या अन्नाच्या ८० ते ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये बहुधा ७० ते ८० कॅलरी असतात. तेव्हा दिवसाला दोन पाऊच हा हिशेब जवळपास बरोबर येतो. कोरडे दाणे द्यायचे असतील तर ३५ ते ४० ग्रॅम पुरतात, मात्र ते कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून बोटाने चुरावेत. हे सगळे पाच वेळांत वाटून द्यावे, कारण पोट लहान असते आणि दोन खाण्यांमध्ये मोठी खंड पडली तर रक्तातली साखर उतरून पिल्लू गळून जाते. शेवटचे खाणे घरातली माणसे झोपताना द्यावे आणि पहिले सकाळी उठल्याबरोबर.

उपाशी पिल्लाला पहिल्या दिवशी पोटभर घालण्याचा मोह आवरावा. पहिल्या दिवशी वरच्या हिशेबाच्या निम्मे अन्न सहा-सात वेळांत विभागून द्यावे आणि दोन-तीन दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे. फ्रिजमधले अन्न तसेच पुढे ठेवू नये. ते अंगाइतके कोमट केले की त्याला वास सुटतो, आणि पिल्लू खायचे की नाही हे आधी वासावरच ठरवते. सर्दीने नाक चोंदलेले पिल्लू खात नाही ते याच कारणाने. ओल्या कापसाने नाक पुसून, कोमट अन्नाचा कण त्याच्या ओठाला लावला की बहुतेक वेळा ते चाटू लागते. सिरिंजने जबरदस्तीने घशात अन्न ढकलणे धोक्याचे असते. बशी उथळ असावी आणि पाण्याची वाटी खाण्यापासून थोडी दूर, कायम भरलेली असावी.

सापडल्या रात्री दुकाने बंद असतील, तर हाडे काढलेले, मीठ-मसाला-हळद काही न घातलेले उकडलेले चिकन बारीक तोडून त्याच्याच पाण्यात कालवून द्यावे. दोन-तीन दिवस असे चालते. त्यापुढे नुसत्या चिकनवर पिल्लू वाढवले, तर ते वरून चांगले दिसते आणि आतून त्याची हाडे पोकळ होत जातात. मांसात कॅल्शियमच्या दहा पटींहून अधिक फॉस्फरस असतो. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेते. काही आठवड्यांनी पिल्लू लंगडू लागते, उचलले की ओरडते आणि पलंगावरून नुसती उडी मारली तरी हाड मोडते. दूधभात किंवा दूधपोळीवर वाढवलेल्या पिल्लाचे हाल वेगळे होतात. मांजर टॉरिन नावाचे द्रव्य शरीरात पुरेसे बनवू शकत नाही, ते त्याला मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले की डोळ्याचा पडदा आणि हृदयाचा स्नायू दोन्ही खराब होतात, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून घर शाकाहारी असले तरी मांजराला शाकाहारी ठेवता येत नाही. ज्या घरात मांस येत नाही, तिथे बंद पाकिटातले मांजराचे अन्न हाच मार्ग आहे. त्याला जमत नसेल तर ज्यांना जमते अशा घरी पिल्लू देणे अधिक बरे. कांदा-लसूण घातलेला रस्सा, तो कितीही थोडा असला तरी, देऊ नये. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

आहार बरोबर आहे की नाही, हे वहीतले आकडे सांगतात. रोज १० ते १५ ग्रॅम वाढ ठीक आहे. दोन दिवस वजन जागच्या जागी राहिले किंवा एकदाही उतरले, तर काहीतरी बिघडले आहे. बारा तास पिल्लाने काही खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आता जंत. मांजराच्या पिल्लांत सर्वांत जास्त आढळणारा गोलजंत म्हणजे टॉक्सोकॅरा कॅटी. पांढुरके, तीन ते दहा सेंटिमीटर लांबीचे हे जंत कधी उलटीतून तर कधी शीतून पडतात. मांजरीच्या स्नायूंत या जंताच्या अळ्या लपून राहिलेल्या असतात. ती व्याली की त्या दुधात उतरतात आणि पिल्लाच्या आतड्यात वाढतात. म्हणून रस्त्यावरच्या पिल्लाला जंत आहेत असे धरूनच चालावे. शीची तपासणी करून अंडी दिसली नाहीत, म्हणून औषध टाळणे चूक ठरते. दुधातून आलेल्या जंतांना वाढून अंडी घालायला साधारण सात आठवडे लागतात, म्हणजे सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या पोटात जंत असूनही तपासणीत काहीच न दिसणे शक्य असते. हातपाय बारीक आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे तटतटलेले, केस रूक्ष, खाऊनही वजन न वाढणे ही लक्षणे जास्त बोलकी असतात. गोलजंतांखेरीज रक्त पिणारे अंकुशजंतही असू शकतात. त्यांच्यामुळे शी काळपट होते आणि हिरड्या फिक्या पडतात.

या दोन्ही जंतांवर पिल्लांना सर्रास दिले जाणारे औषध म्हणजे पायरँटेल. नेहमीची मात्रा दर किलोला १० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. त्या हिशेबाने ६५० ग्रॅमच्या पिल्लाला साडेसहा मिलिग्रॅम औषध लागते. बाटलीत दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम औषध असेल, तर हे प्रमाण ०.१३ मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब भरते. तेच दुसऱ्या बाटलीत दर मिलिलिटरला १५ मिलिग्रॅम असेल, तर ०.४३ मिलिलिटर द्यावे लागते. शिवाय लेबलवरचा आकडा मूळ पायरँटेलचा आहे की त्याच्या पामोएट क्षाराचा, हे पाहावे लागते, कारण त्या दोन आकड्यांत जवळपास तिपटीचा फरक पडतो. शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या बाटलीतले ‘अर्धा चमचा’ का चालत नाही, ते यावरून कळेल. वजन घरी करावे, औषध आणि मात्रा पशुवैद्याकडून घ्यावी आणि एक मिलिलिटरच्या, सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने ते सावकाश सोडावे. पिल्लू फार अशक्त असेल तर आधी एक-दोन दिवस त्याला ऊब, पाणी आणि खाणे देऊन सावरू द्यावे, मग औषध द्यावे.

एकदा औषध दिले, शीतून जंत पडले, काम झाले, असे बहुतेकांना वाटते. औषध फक्त आतड्यातले जंत मारते. यकृत आणि फुप्फुसांतून प्रवास करत असलेल्या अळ्या त्याच्या तावडीत सापडत नाहीत. त्या पुढच्या काही दिवसांत आतड्यात उतरतात आणि तिथे मोठ्या होतात. म्हणून सहाव्या आठवड्यात पहिली मात्रा, आठव्यात दुसरी, दहाव्यात तिसरी आणि त्यानंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला एक, असा क्रम ठेवतात. प्रत्येक वेळी वजन नव्याने करायचे. आठव्या आठवड्यात पिल्लू ८५० ग्रॅमचे झाले असेल, तर पहिल्या वेळची मात्रा अपुरी पडते.

पट्टकृमींची गोष्ट निराळी आहे. त्यांचे तुटलेले तुकडे पिल्लाच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे चिकटलेले दिसतात. ते दुधातून येत नाहीत, अंग चाटताना गिळलेल्या पिसवांतून येतात. त्यांच्यावर पायरँटेलचा उपयोग होत नाही, प्राझिक्वांटेल हे वेगळे औषध लागते. आणि पिसवा काढल्या नाहीत तर ते कितीही वेळा दिले तरी पट्टकृमी पुन्हा येतात. या वयात पिसवा काढायला बारीक दातांची फणी, साबणाच्या पाण्याची वाटी आणि धीर एवढे बस. फणीवर आलेली पिसू लगेच पाण्यात बुडवायची. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या गोचीडनाशक औषधांपैकी काहींत परमेथ्रिन असते, आणि ते मांजराच्या अंगावर पडले तर झटके येऊन मांजर दगावते. पिल्लासाठी कोणतेही पिसवांचे औषध त्याचे वय आणि वजन सांगूनच घ्यावे.

जंताचे औषध देऊनही जुलाब थांबत नसतील, शीत शेंब किंवा रक्त दिसत असेल, तर कॉक्सिडिया किंवा जिआर्डिया या सूक्ष्म जीवांचा संशय घ्यावा. ते जंत नव्हेत, त्यामुळे जंताच्या औषधाला दाद देतीलच असे नाही. ताजी शी डबीत घालून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे हाच त्यावरचा सरळ उपाय. घरात रांगणारे मूल असेल तर पिल्लाची मातीची पेटी रोज साफ करावी. टॉक्सोकॅराची अंडी बाहेर पडल्या पडल्या संसर्गजन्य नसतात, त्यांना काही आठवडे लागतात. रोजची सफाई त्यांना तेवढा वेळच देत नाही.

लसीचे गणित थोडे अवघड आहे, आणि त्याचे कारण पुन्हा आईचे दूध. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे मिळतात. ती रक्तात असतात तोवर लसीतल्या विषाणूलाही ती निकामी करतात, आणि लस टोचूनही पिल्लाच्या अंगात स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होत नाही. ही प्रतिपिंडे कधी संपतात हे पिल्लागणिक बदलते. कुणाची सहाव्या आठवड्यातच संपतात, तर कुणाची सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकतात. रस्त्यावरच्या पिल्लाच्या आईला कधी लस मिळाली होती की ती रोगातून वाचली होती, हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून एक टोचणी पुरत नाही. ठरावीक अंतराने टोचत जायचे, म्हणजे प्रतिपिंडे ज्या आठवड्यात संपतील त्याच्या जवळची एक टोचणी लागू पडते.

पहिली लस तीन रोगांची एकत्र असते. त्यातला पॅनल्यूकोपेनिया हा पार्व्होच्या कुळातला विषाणू सर्वांत घातक. पिल्लू अचानक खाणे टाकते, पुनःपुन्हा उलटी करते, पाण्याच्या वाटीवर तोंड धरून बसते पण पीत नाही, आणि एक-दोन दिवसांत जाऊ शकते. उरलेले दोन, हर्पिस आणि कॅलिसी, शिंका, चिकट डोळे आणि तोंडातल्या फोडांचे आजार देतात. जगभरच्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची संघटना सांगते की ही लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करावी, दर दोन ते चार आठवड्यांनी द्यावी आणि शेवटची टोचणी सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच व्हावी. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर देतात.

हे एका पिल्लावर मांडून पाहू. १ जुलैला, पावसात, उभ्या गाडीच्या चाकामागे एक पिल्लू सापडले. दाढा आलेल्या, वजन ६५० ग्रॅम, म्हणजे जन्म २० मेच्या आसपासचा. त्याच आठवड्यात जंताची पहिली मात्रा दिली, लस मात्र लगेच नाही. शिंका आणि जुलाब नाहीत, वजन वाढते आहे, हे दोन आठवडे पाहिले. १५ जुलैला आठ आठवडे पूर्ण होताच जंताची दुसरी मात्रा आणि तीन रोगांची पहिली लस दिली. १२ ऑगस्टला, बाराव्या आठवड्यात, तिची दुसरी टोचणी आणि रेबीजची लस. ९ सप्टेंबरला सोळा आठवडे भरल्यावर तिसरी. त्यानंतर १८ नोव्हेंबरच्या सुमाराला, सहा महिन्यांवर, आणखी एक. आधीच्या तिन्ही टोचण्या आईच्या प्रतिपिंडांमुळे वाया गेल्या असतील, तर ही शेवटची त्या पिल्लाला वाचवते. रेबीजची पुढची लस वर्षाने. पिल्लू अनेक मांजरांच्या निवाऱ्यात ठेवायचे असते, तर मात्र आठव्या आठवड्याची वाट न पाहता सहाव्यातच सुरुवात केली जाते, कारण तिथे रोगाशी गाठ पडण्याची शक्यता फार मोठी असते.

घरात आधीची मांजरे असतील तर नव्या पिल्लाला दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवावे. पॅनल्यूकोपेनियाने पूर्वी मांजर गेलेल्या घरात जास्त सांभाळावे लागते. तो विषाणू फरशीच्या फटीत, गादीत वर्षभर टिकतो आणि फिनेलने मरत नाही. उलट फिनेल, डेटॉल यांसारखी द्रव्ये चाटण्यातून मांजरालाच बाधतात. एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असे मिश्रण आधी धुतलेल्या फरशीवर दहा मिनिटे ठेवून स्वच्छ पाण्याने पुसावे, आणि ती पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला तिकडे फिरकू देऊ नये.

ताप असलेल्या, जुलाब होत असलेल्या पिल्लाला लस पुढे ढकलतात. टोचल्यावर दिवसभर झोपून राहणे, खाणे थोडे कमी होणे हे नेहमीचे आहे. काही तासांत तोंड सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वास लागला, तर लगेच परत दवाखाना गाठावा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरांची लस हजर असेलच असे नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारावे.

लस नसलेल्या पिल्लाने उचलताना चावा घेतला किंवा रक्त येईल असे बोचकारले, तर ते पिल्लू कितीही लहान असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करावी. पिल्लाला रेबीजची लस बाराव्या आठवड्यात मिळायची आहे म्हणून माणसाने थांबायचे नसते.

या सगळ्या तारखांत सर्वांत जास्त चुकते ती सोळाव्या आठवड्याची. तोवर पिल्लू दीड किलोच्या आसपास झालेले असते, घरभर धावते, आणि दोन टोचण्या झाल्या म्हणून घरचे निर्धास्त होतात. पहिल्या लसीच्या दिवशी पशुवैद्य जी पुस्तिका देतात, तिच्यात सोळाव्या आठवड्याची तारीख तिथेच उभ्या उभ्या लिहून घ्यावी.